शॉर्ट ड्युरेशन की लाँग ड्युरेशन? आधी पैसा लागायची तारीख सांगा

मागच्या आठवड्यात भाऊजी बेसाहून घरी आले, हातात कागद. बेलतरोडीकडचा प्लॉट विकला, 18 लाख हातात आले आणि आता रोख्यांत पैसे लावणाऱ्या डेट फंडात टाकायचे म्हणे. त्यातले 12 लाख मनीष नगरच्या फ्लॅटसाठी, पझेशन साधारण दीड वर्षानी, तेव्हा रजिस्ट्री धरून 13 लाख लागतील. उरलेले 6 लाख पोरीच्या इंजिनीअरिंगला, त्याला अजून 8 वर्षं आहेत. आणि कागदावर एकाच फंडाचं नाव, लाँग ड्युरेशन, म्हणजे लांब मुदतीचे रोखे घेणारा. "काहून?" म्हटलं तर "भाऊ, व्याजदर कमी होऊन राहिले ना, लाँगवाले जास्त देतात म्हणते सगळे."

सगळे म्हणतात ते पूर्ण खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं तारखेत आहे म्हणून त्यांच्यासमोर मांडलेला हिशोब इथं सविस्तर लिहितो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. सप्टेंबर 2020 मध्ये मागच्या वर्षाचं रिटर्न बघून घराच्या वरच्या मजल्याचे पैसे लाँग ड्युरेशनमध्ये टाकले, जून 2022 मध्ये काम काढलं तेव्हा टाकले त्याहून थोडे कमीच परत आले. फंडात घोटाळा झाला नव्हता, कोणी पैसे बुडवले नव्हते, सगळे सरकारी रोखे होते. 4 मे 2022 ला रिझर्व्ह बँकेनी अचानक रेपो, म्हणजे बँकांना ती ज्या दरानी उधार देते तो, 4 टक्क्यांवरून 4.40 केला, जूनमध्ये 4.90, आणि 10 वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड, म्हणजे आजच्या भावानी घेतला तर वर्षाला सुटणारा परतावा, साडेसातच्या आसपास गेलं, जे मी पैसे टाकले तेव्हा 6 च्या जवळ होतं. यील्ड वर गेलं की जुन्या रोख्याची किंमत खाली येते, आणि जेवढा लांबचा रोखा तेवढी जास्त खाली.

किती खाली, ते सांगणारा आकडा म्हणजे मॉडिफाइड ड्युरेशन. फॅक्टशीटमध्ये लिहिलेला असतो. फंडाचा हा आकडा अडीच असेल तर यील्ड 1 टक्का वाढल्यावर एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, साधारण अडीच टक्के पडते, 9 असेल तर साधारण 9 टक्के. यील्ड कमी झालं तर उलटं, तेवढीच वर जाते. सेबीच्या कॅटेगरीनुसार शॉर्ट ड्युरेशन फंडाला ड्युरेशन 1 ते 3 वर्षांत ठेवावं लागतं आणि लाँग ड्युरेशनला 7 वर्षांच्या वर (नियमात मॅकॉले ड्युरेशन धरतात, मॉडिफाइड त्याच्यापेक्षा जरासं कमी येतं, आपल्या कामाला तेवढा फरक चालतो).

आता भाऊजींचे 12 लाख घ्या. शॉर्टवाला धरू ड्युरेशन अडीच, वायटीएम म्हणजे फंडातल्या सगळ्या रोख्यांचं मिळून यील्ड 7 टक्के, लाँगवाला ड्युरेशन 9, वायटीएम 7.3. समजायला सोपं म्हणून सरळ व्याज धरलंय, फंडाचा खर्च आणि टॅक्स धरलेला नाही, आणि हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या फंडाचे फॅक्टशीट बघून टाका. दीड वर्षानी हातात काय येतं बघा:

| यील्डचं काय झालं | शॉर्ट ड्युरेशन | लाँग ड्युरेशन |
|---|---|---|
| सुरुवातीलाच 1 टक्का कमी | 13.38 लाख | 14.21 लाख |
| जागच्या जागी | 13.26 लाख | 13.31 लाख |
| सुरुवातीलाच 1 टक्का वर | 13.14 लाख | 12.41 लाख |
| शेवटच्या महिन्यात 1 टक्का वर | 12.96 लाख | 12.23 लाख |

भाऊजींना मधली ओळ आधी दाखवली. काहीच झालं नाही तर लाँगमध्ये जास्तीचे मिळतात 5 हजार चारशे रुपये. बारा लाखांवर, दीड वर्षात! आणि त्याच्यासाठी जी जोखीम घ्यायची ती खालच्या दोन ओळींत आहे, 13 लाख लागणार आणि हातात सव्वाबारा. पाऊण लाख कुठून आणणार, पर्सनल लोन काढणार की दागिने गहाण ठेवणार? वरच्या ओळीतले 14.21 दिसतात चांगले, पण फ्लॅटला तेव्हाही 13 च लागणार आहेत, जास्तीच्या सव्वा लाखानी पझेशन लवकर मिळत नाही. म्हणून या पैशाला शॉर्ट, यात मला शंकाच नाही. उलट शॉर्टमध्येही शेवटच्या ओळीत 4 हजार कमी पडून राहिले, म्हणून शेवटचे पाच-सहा महिने उरले की हे पैसे शॉर्टमधूनही काढून लिक्विड किंवा अल्ट्रा शॉर्ट या आणखी कमी मुदतीच्या फंडांत ठेवायचे असं ठरलं. पैसा वर्षाच्या आत लागणार असेल तर मी शॉर्ट ड्युरेशनकडेही बघत नाही.

"पण व्याजदर कमी होणारच आहे" यावर एक गोष्ट. 6 जून 2025 ला रिझर्व्ह बँकेनी रेपो एका झटक्यात अर्धा टक्का कमी करून 5.50 केला. लाँगवाल्यांची चांदी व्हायला पाहिजे होती ना? 10 वर्षांचं यील्ड त्या वेळी सव्वासहाच्या आसपास होतं, ते ऑगस्ट संपेपर्यंत साडेसहाच्या वर गेलं. कारण त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेनी आपली भूमिका न्यूट्रल केली, बाजारानी त्याचा अर्थ घेतला की आता पुढं फार कपात नाही, आणि जी कपात व्हायची ती किमतीत आधीच धरून झाली होती. रेपो हा एका रात्रीच्या उधारीचा दर आहे, 30 वर्षांच्या रोख्याचा भाव महागाई, सरकारची उधारी आणि पुढच्या अंदाजावर हलतो. रेपोची बातमी वाचून लाँग घेणं म्हणजे इतवारीच्या बाजारात भाव चढून झाल्यावर तूर घ्यायला जाणं.

आता पोरीचे 6 लाख, आणि इथं चित्र पूर्ण उलटं होतं. हे लोकांना पटत नाही म्हणून इथं जास्त थांबतो. 8 वर्षं, तेच दोन फंड, यील्ड सुरुवातीलाच एकदा 1 टक्का हललं आणि मग तिथंच राहिलं असं धरा. शॉर्टमध्ये यील्ड खाली गेलं तर 9.03 लाख, वर गेलं तर 9.69. लाँगमध्ये खाली गेलं तर 9.56, वर गेलं तर 9.44. म्हणजे दीड वर्षात जो फंड उड्या मारत होता तोच आठ वर्षांत स्थिर, आणि जो शांत होता त्याच्यात 66 हजारांचा फरक.

कसं काय? लाँगमध्ये यील्ड 1 टक्का वाढल्यावर एकदा 9 टक्क्यांचा फटका बसतो, पण तिथून पुढं फंड दरवर्षी 1 टक्का जास्त कमावतो, म्हणजे 9 वर्षांत फटका भरून निघतो, 8 वर्षांत जवळजवळ निघतो. शॉर्टमध्ये फटका छोटा, पण त्यातले रोखे दोन-तीन वर्षांत संपतात आणि पैसा परत बाजारात जो दर असेल त्यानी लावावा लागतो. 2020-21 आठवा, रेपो 4 वर होता आणि सरकारच्या एक वर्षाच्या उधारीचे कागद, म्हणजे ट्रेझरी बिलं, 4 टक्क्यांच्याही खाली होती. त्या वेळी ज्यांचे लांबचे पैसे शॉर्टमध्ये होते त्यांना एनएव्ही पडलेली दिसली नाही, सुरुवातीला थोडा फायदाच दिसला, पण पुढची कमाई गुपचूप आटली. या नुकसानाचं लाल आकड्यात दर्शन होत नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही.

यावरून माझा साधा नियम असा की फंडाचं ड्युरेशन आणि पैसा लागायला उरलेली वर्षं जवळपास सारखी पाहिजेत, आणि शंका असेल तर ड्युरेशन थोडं कमीच.

पण लाँगमध्ये एक खाच आहे. पोरीला 8 वर्षं आहेत, चार वर्षांनी चारच उरतील, फंड मात्र तेव्हाही ड्युरेशन 7 च्या वरच ठेवणार, कारण त्याला नियमच तसा आहे, मॅनेजर जुने रोखे विकून नवे लांबचे घेत राहतो. तुमची तारीख जवळ येते, फंडाची जोखीम आहे तिथंच राहते. आठव्या वर्षी ॲडमिशनच्या महिन्यात यील्ड 1 टक्का उडालं तर साडेनऊ लाखांवर 85 हजार गेले आणि भरून यायला वेळच नाही. म्हणून तीन-चार वर्षं उरली की टप्प्याटप्प्यानी शॉर्टमध्ये आणायचे, हे आज कॅलेंडरमध्ये लिहून ठेवायचं काम आहे. टप्पे करायचं आणखी एक कारण टॅक्स. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेला डेट फंड कितीही वर्षं ठेवला तरी नफ्यावर टॅक्स तुमच्या स्लॅबनीच लागतो, आणि स्विच म्हणजे विक्रीच. तीन लाखांचा नफा एकाच वर्षात उत्पन्नात आला तर वरच्या स्लॅबमध्ये ढकलला जाऊ शकतो, तेच अर्धं मार्चमध्ये आणि अर्धं एप्रिलमध्ये हलवलं तर दोन आर्थिक वर्षांत वाटलं जातं.

हे हलवाहलवीचं ज्याला जमणार नाही त्यानी टार्गेट मॅच्युरिटी फंड बघावा, पोरीच्या वर्षाच्या जवळ संपणारा. त्यातलं ड्युरेशन आपोआप दरवर्षी कमी होत जातं.

शॉर्ट घेतानाही नुसतं नाव बघू नका. एप्रिल 2020 मध्ये एका मोठ्या फंड हाऊसनी सहा डेट स्कीम एकदम बंद केल्या, त्यात शॉर्ट ड्युरेशन कॅटेगरीतली पण होती. ड्युरेशन कमी होतं, पण कागद कमी रेटिंगच्या कंपन्यांचे होते आणि विकायला गेले तर गिऱ्हाईक नाही. फॅक्टशीटमध्ये एक चौकोनी तक्ता असतो, A-I पासून C-III पर्यंत. अक्षर म्हणजे क्रेडिटची जोखीम, A सगळ्यात कमी, आणि आकडा म्हणजे व्याजदराची, I सगळ्यात कमी. शॉर्टमध्ये B किंवा C दिसलं, किंवा वायटीएम बाकीच्या शॉर्ट फंडांपेक्षा एक-दीड टक्का जास्त दिसलं, तर ते जास्तीचं व्याज कुठून येतंय ते रेटिंगच्या यादीत शोधा. फ्लॅटच्या पैशासाठी मी A च्या रकान्याबाहेर जाणार नाही.

भाऊजींनी शेवटी 12 लाख शॉर्टमध्ये टाकले आणि पोरीचे लाँगमध्ये, दोन्हीचे फोलिओ वेगळे, म्हणजे गरजेला एकमेकांत हात जाणार नाही. बिल्डरच्या तारखेच्या आठवडाभर आधी विक्रीची रिक्वेस्ट टाका असंही सांगितलंय, कारण डेट फंडाचे पैसे खात्यात यायला साधारण दोन-तीन कामाचे दिवस जातात आणि मध्ये शनिवार-रविवार किंवा पोळा आला तर आणखी.