आठ वर्षांची बोल्ट, तीन वर्षांची बॅटरी: वॉरंटी आणि घटलेल्या क्षमतेचा अनुभव

मी न्यू जर्सीत २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस २०१७ च्या मॉडेलची सेकंड हँड शेव्हरोले बोल्ट ही इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि एक संपूर्ण हिवाळा ती रोज कामावर जाण्यासाठी चालवली. गाडी कशी चालते याविषयी भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून मी इथे फक्त बॅटरीविषयी लिहितो: आठ वर्षे उलटल्यावर वॉरंटीचे नेमके काय होते, आणि क्षमता किती कमी झाली हे घेणाऱ्याने कसे ओळखावे.

बोल्टच्या बॅटरीची मूळ वॉरंटी आठ वर्षे किंवा एक लाख मैल, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत असते. ही मुदत मॉडेलच्या वर्षापासून नव्हे, तर गाडी पहिल्या मालकाच्या ताब्यात गेली त्या दिवसापासून मोजतात. वॉरंटी गाडीला जोडलेली असल्यामुळे मालक बदलला तरी ती आपोआप पुढे जाते, त्यासाठी फॉर्म भरावा लागत नाही आणि शुल्कही नसते. अपघातात निकामी ठरवून नंतर दुरुस्त केलेल्या, म्हणजे ‘सॅल्व्हेज टायटल’ असलेल्या गाडीला मात्र ही वॉरंटी मिळत नाही, त्यामुळे टायटल, म्हणजे मालकीचा कागद, पाहिल्याशिवाय पुढची बोलणी करू नयेत. माझी गाडी सप्टेंबर २०१७ मध्ये पहिल्यांदा रस्त्यावर आली होती. याचा अर्थ मी पाहायला गेलो तेव्हा मूळ वॉरंटी नुकतीच संपली होती, आणि विक्रेत्यानेही ‘आता बॅटरीवर काही नाही’ असेच सांगितले.

ते उत्तर अपुरे होते, कारण बोल्टच्या बाबतीत रिकॉलचा, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाड्या मोफत दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचा, इतिहास मोलाचा आहे. बॅटरीतल्या काही सेलमध्ये अॅनोड टॅब, म्हणजे ऋण टोकाची जोडपट्टी, फाटलेली आणि दोन टोकांना वेगळे ठेवणारा सेपरेटर दुमडलेला असे दोन दोष एकाच वेळी आढळले आणि त्यातून आगीच्या घटना घडल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये पहिला रिकॉल निघाला, जुलै २०२१ मध्ये दुसरा, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून सर्वच बोल्ट गाड्या त्यात घेतल्या गेल्या. २०१७ ते २०१९ च्या असंख्य गाड्यांना या रिकॉलमध्ये नवी बॅटरी मिळाली, आणि त्या नव्या बॅटरीला बोल्ट बनवणाऱ्या जनरल मोटर्सने स्वतंत्रपणे आठ वर्षे किंवा एक लाख मैलांची वॉरंटी दिली. एरवी वॉरंटीत बदलून मिळालेल्या भागाला मूळ मुदतीतली उरलेलीच वॉरंटी मिळते. इथे घड्याळ नव्याने सुरू झाले, आणि आठ वर्षांची बोल्ट घेण्यासारखी वाटते ती याच कारणामुळे.

म्हणून विचारायचा प्रश्न ‘गाडी किती जुनी?’ असा नसून ‘बॅटरी कोणत्या दिवशी बसवली?’ असा आहे. त्याचे उत्तर अमेरिकी सरकारच्या वाहनसुरक्षा विभागाच्या nhtsa.gov/recalls या पानावर पूर्णपणे मिळत नाही. तिथे व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकल्यावर प्रलंबित रिकॉल शून्य दिसले तर काहीतरी दुरुस्ती झाली एवढेच समजते, बॅटरी बदलली की निव्वळ सॉफ्टवेअर टाकले हे समजत नाही. खात्रीसाठी शेव्हरोलेच्या अधिकृत डीलरच्या सर्व्हिस विभागात जाऊन व्हीआयएनवरची वॉरंटीची नोंद छापून घ्यावी लागते. माझ्या गाडीच्या नोंदीत मे २०२२ मध्ये, ५२ हजार मैलांवर, बॅटरी बदलल्याचे स्पष्ट लिहिलेले होते. त्या हिशेबाने माझे संरक्षण मे २०३० पर्यंत आहे. मैलांची मर्यादाही बदलीच्या वेळच्या आकड्यापासून मोजली जाईल हे मी सर्व्हिस अॅडव्हायझरकडून लेखी घेतले, कारण तोंडी आश्वासन तीन वर्षांनी कोणाच्याही लक्षात राहत नाही. रिकॉलचे काम अजून झालेलेच नसेल, तर नव्या मालकालाही ते विनामूल्य करून मिळते. तेवढ्यासाठी गाडी नाकारण्याचे कारण नाही, पण त्या कामात नवी बॅटरी मिळणार आहे की नाही हे पैसे देण्याआधी विचारावे.

आता क्षमतेविषयी. वॉरंटी आणि घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि याच ठिकाणी सर्वाधिक गैरसमज होतो. २०१७ च्या बोल्टच्या वॉरंटी पुस्तिकेत असे लिहिले आहे की वापरानुसार वॉरंटीच्या काळात बॅटरीची क्षमता कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ४० टक्क्यांनी घटू शकते. म्हणजे क्षमता ७० टक्क्यांवर आली एवढ्याच कारणाने ही वॉरंटी बॅटरी बदलून देत नाही. तिचे खरे मोल बिघाडाच्या वेळी कळते: एखादा सेल गट कमकुवत होणे, इन्सुलेशनमध्ये दोष येणे, किंवा संपूर्ण पॅक बंद पडणे. असा खर्च वॉरंटीबाहेर अंगावर आला तर जुन्या गाडीच्या किमतीइतकाही होऊ शकतो.

मी घट अशी मोजली. बोल्टच्या पडद्यावर शेवटच्या पूर्ण चार्जनंतर किती ऊर्जा वापरली याचा आकडा किलोवॅट-तासांत दिसतो. उबदार हवेत गाडी १०० टक्के भरली आणि ३० टक्के उरेपर्यंत चालवली, तेव्हा तो आकडा ४२.६ आला. ७० टक्क्यांना ४२.६, तर पूर्ण बॅटरी सुमारे ६१ किलोवॅट-तास. मूळ बॅटरी ६० ची होती, पण रिकॉलमध्ये बसवलेली सुमारे ६५ ची असते आणि तिची अधिकृत रेंज २३८ ऐवजी २५९ मैल आहे. ६५ शी ताडून पाहिले तर घट साधारण सहा टक्के निघते, आणि तीन वर्षांच्या बॅटरीसाठी मला ती अगदी रास्त वाटते. तोच आकडा ६० शी ताडला असता तर घट अजिबात झालेली नाही असे वाटले असते, म्हणून कोणती बॅटरी बसवली आहे हे आधी कळायला हवे. थोडी गाडी चालवून दहा-पंधरा टक्क्यांवरून काढलेला हिशेब विश्वासार्ह नसतो, कारण टक्केवारीतली एका टक्क्याची चूकही उत्तरात मोठी होते.

जानेवारीत हेच मोजमाप पुन्हा केले तेव्हा उत्तर ५७ च्या आसपास आले. थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे साठवलेली सगळी ऊर्जा बाहेर येत नाही. ही कायमची घट नव्हे. एप्रिलमध्ये आकडा पुन्हा ६० च्या वर गेला. हिवाळ्यात गाडी पाहणाऱ्याने त्या एकाच मोजमापावरून बॅटरीला नावे ठेवू नयेत. रेंजचा अंदाज दाखवणारा आकडा तर निकष म्हणून धरूच नये, कारण तो आधीच्या चालकाच्या वेगावर आणि हीटरच्या वापरावर ठरतो.

एकूण क्षमतेपेक्षाही मी सेलमधल्या फरकाला अधिक महत्त्व देतो. बोल्टच्या पॅकमध्ये २८८ सेल असतात. तीन-तीन सेलचे ९६ गट एकामागोमाग जोडलेले असतात, आणि सर्वांत कमकुवत गट जिथे थांबतो तिथे संपूर्ण पॅक थांबतो. गाडीच्या तपासणी पोर्टमध्ये बसणारे ओबीडी डोंगल लावून फोनवरच्या अॅपमध्ये प्रत्येक गटाचा व्होल्टेज पाहता येतो. बॅटरी जवळपास रिकामी असताना पाहावे, कारण भरलेल्या अवस्थेत दुबळा गटही इतरांसारखाच दिसतो. माझ्या गाडीत २० टक्क्यांवर सर्व गट जवळजवळ एका रेषेत होते. एखादाच गट इतरांपेक्षा ठळकपणे खाली बसलेला दिसला आणि जोरात वेग वाढवताना आणखी खाली गेला, तर तो नैसर्गिक घटीचा नव्हे, बिघाडाचा संकेत समजावा. वॉरंटी चालू असेल तर अशा वाचनाचे स्क्रीनशॉट, तारीख आणि मैल यांसह सर्व्हिस विभागाकडे नोंदवून ठेवावेत. मी दर ऋतूत एकदा हे वाचन घेतो आणि मे २०३० च्या आधीच्या हिवाळ्यात शेवटचे सविस्तर वाचन घेणार आहे, म्हणजे दावा करायचा झालाच तर तो मुदतीत करता येईल.