१,०८० ला घेतलेला रोखा वर्षात १,००० ला परत गेला, आणि म्हणे यात फसवणूक नाही!

आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. चक्रवाढ व्याजाची उदाहरणं फळ्यावर किती सोडवली त्याचा हिशेब नाही. त्यामुळे पुढचं सगळं लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होतंय. पण गेल्या महिन्यात ओळखीतल्या आणखी एकांना हाच रोखा, हाच आकडा दाखवून विकायचा प्रयत्न झाल्याचं कळलं, म्हणून लाज गुंडाळून ठेवते आणि लिहिते.

व्यवहार असा. एका कंपनीचे कर्जरोखे. दर्शनी किंमत १,०००, कूपन, म्हणजे दर्शनी किमतीवरचं ठरलेलं व्याज, १० टक्के, तेही वर्षातून एकदा, मुदत संपायला ८ वर्षं बाकी. बाजारात भाव १,०८०. मी ५०० रोखे घेतले, म्हणजे ५,४०,००० मोजले, वर दलाली १,३५०. मागचं व्याज नुकतंच वाटून झालं होतं, म्हणून साचलेल्या व्याजाचा वेगळा हिशेब नव्हता. एक वर्षानंतर पहिलं व्याज आलं, ५०,०००. त्याच दिवशी कंपनीने रोखे मुदतीआधी परत बोलावले आणि दर्शनी किमतीप्रमाणे ५,००,००० खात्यात टाकले. एकूण आले ५,५०,०००, गेले होते ५,४१,३५०. वर्षभर पैसे अडकवून सुटले ८,६५०. जेमतेम १.६ टक्के! मला सांगितलं होतं ८.५८.

आता कोणी म्हणेल, दर्शनी किमतीपेक्षा ८० जास्त मोजून कॉलेबल बॉण्ड, म्हणजे कंपनी मुदतीआधी परत बोलावू शकते असा रोखा घेतला, मग रडतेस कशाला? थांबा. विकणाऱ्याची तऱ्हा ऐका आधी. तो १० टक्के म्हणालाच नाही. उलट म्हणाला, "मॅडम, बाकीचे तुम्हाला १० टक्के सांगतील. ते कूपन झालं. भाव १,०८० आहे, म्हणजे चालू उत्पन्न ९.२६. पण मी तेही सांगणार नाही. मुदतीअखेर १,०००च मिळणार, ८० चा तोटा धरला तर यील्ड टू मॅच्युरिटी, म्हणजे मुदत संपेपर्यंत ठेवल्यावर वर्षाला पडणारं उत्पन्न, ८.५८. मी खरा आकडा सांगतो." दोन मोठे आकडे स्वतःच खोडून तिसरा लहान आकडा देणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल? घरी येऊन मी तो आकडा पडताळला. बरोबर निघाला, आणि तिथेच माझी सावधगिरी झोपली. गणित बरोबर असलं की प्रश्नही बरोबर असतो असं मी धरून चालले. हीच चूक मी पोरांच्या वह्यांमध्ये लाल शाईने दाखवत असे.

आणि मुदतीच्या ओळीत लिहिलेलं होतं हो. "८ वर्षे, कॉल १ वर्षानंतर, दर वर्षी, दर्शनी किमतीने." मी बोट ठेवून विचारलंही होतं, हे काय? तो म्हणाला, "नेहमीची ओळ आहे, मॅडम. कंपनीला वाटलं तर ती आधी पैसे परत करू शकते. तसं झालंच तर तुम्हाला पूर्ण पैसे मिळतात, एक पैसा कमी नाही." पूर्ण पैसे! माझ्या डोक्यात पूर्ण म्हणजे मी दिलेले १,०८०. त्याच्या तोंडात पूर्ण म्हणजे १,०००. त्या क्षणी एवढंच विचारलं असतं की "पूर्ण म्हणजे किती?", तर ही पोस्ट लिहावी लागली नसती. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला तेवढंच वाक्य ऐकू येतं.

गोम कुठे आहे ते नीट सांगते. रोखा दर्शनी किमतीच्या वर घेतला की वरचे ८० तुम्हाला परत कधीच मिळत नाहीत. ते व्याजातून हळूहळू भरून काढायचे असतात. आठ वर्षं मिळाली तर वर्षाला सरासरी १० चा फटका, शंभराच्या व्याजात तो पचतो. ८.५८ हा आकडा या पचण्यावरच उभा आहे. पण वर्षातच रोखा परत गेला तर सगळे ८० एकाच वर्षाच्या १०० मधून जातात आणि उरतात २०. वीस भागिले १,०८० म्हणजे १.८५ टक्के. हेच यील्ड टू कॉल. दलाली धरली की १.६. दुसऱ्या वर्षी बोलावला असता तर ५.६६ पडले असते, तिसऱ्या वर्षी ६.९५. म्हणजे मला सांगितलेला ८.५८ हा सगळ्यांत उशिराचा आणि सगळ्यांत चांगला आकडा होता. दर्शनी किमतीने कॉल होणारा रोखा वरच्या भावाने घेतलात, तर कॉल जितका लवकर तितकं उत्पन्न कमी. याला अपवाद नाही.

स्प्रेडशीट येत असेल तर दोन ओळी पुरतात. पहिलीने ८.५८ टक्के येतात, दुसरीने १.८५:

```
=RATE(8,100,-1080,1000)
=RATE(1,100,-1080,1000)
```

फरक फक्त पहिल्या आकड्याचा. मी पहिली ओळ तपासली होती. दुसरी मला सुचली नाही, कारण ती कोणी माझ्यासमोर मांडलीच नाही.

"पण कंपनी बोलावेलच कशावरून?" हे मीही स्वतःला समजावलं होतं. उत्तर भावातच होतं. १० टक्क्यांचा रोखा १,०८० ला का विकला जातो? कारण तशीच पत असलेल्या कंपन्यांना तेव्हा बाजारात साडेसात टक्क्यांनी कर्ज मिळत होतं. मग ही कंपनी मला १० टक्के का देत बसेल? नवं कर्ज काढेल, जुनं फेडेल आणि वर्षाला अडीच टक्के वाचवेल. भाव दर्शनी किमतीच्या वर असणं हीच कॉल होण्याची पहिली खूण आहे. व्याजदर चढले असते, तर कंपनीने मला खुशाल आठ वर्षं धरून ठेवलं असतं. निवड तिची आणि सोय तिचीच. कॉलची नोटीस आली तीस दिवस आधी, एका ओळीची.

याहून चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. विक्रेत्याने मला तुलनाही दाखवली होती. तेवढीच पत असलेल्या कंपनीचा, तितक्याच कूपनचा, आठच वर्षांचा पण कॉल नसलेला रोखा १,१४६ च्या आसपास होता. "बघा मॅडम, तेच व्याज ६६ ने स्वस्त!" स्वस्त कसलं? कॉलची टांगती तलवार असते म्हणूनच असा रोखा दर्शनी किमतीपासून फार वर चढत नाही. माझ्या भाच्याने नंतर हिशेब मांडला. एका वर्षाच्या रोख्यांवर तेव्हा ६ टक्के मिळत होते. वर्षाअखेर हातात येणार १,१००, म्हणजे आज त्याची लायकी १,१०० भागिले १.०६, सुमारे १,०३८. मी दिले १,०८०. प्रत्येक रोख्यामागे ४२ जादा, ५०० रोख्यांचे २१,०००. दलाली १,३५० पाहून मला वाटलं होतं की माणूस कमी घेतो. दलाली कमी दिसली की भावात काय मिसळलंय ते बघा.

भाचा म्हणाला, "मावशी, कॉल डेट विचारली नाहीस?" मी त्याच्यावरच डाफरले. काय करणार?

मग तक्रारीचं नाटक. विक्रेत्या संस्थेने आठवड्याने उत्तर दिलं: सांगितलेलं यील्ड टू मॅच्युरिटी अचूक आहे आणि कॉलची अट दस्तऐवजाच्या ४१ व्या पानावर आहे. अचूक आहेच हो! ज्या मुदतीपर्यंत रोखा जगणारच नव्हता, त्या मुदतीचा आकडा अचूक आहे. फोनवरच्या बोलण्याची ध्वनिफीत मागितली, तर "अंतर्गत वापरासाठी". कंपनीला लिहिलं, तर "आम्ही अटीप्रमाणेच परतफेड केली, तुम्ही कोणत्या भावाने घेतले याच्याशी आमचा संबंध नाही." हे एक तरी खरं आहे, कंपनीवर माझा राग नाही.

शेवटी नियामकाकडे गेले. तिथल्या अर्जात तक्रारीचा प्रकार निवडायचा: व्याज मिळाले नाही, मुद्दल मिळाले नाही, रोखे खात्यात जमा झाले नाहीत. मला तर व्याजही मिळालं होतं आणि मुद्दलही! "इतर" निवडलं. चौकटीत ५०० अक्षरं मावतात. यील्ड टू कॉल ५०० अक्षरांत समजावून बघा एकदा. तेवीस दिवसांनी शेरा आला: "गुंतवणूकदारास देय रक्कम प्राप्त. तक्रार निकाली." फोन केला तर समोरचा विचारतो, "मग तुमचे पैसे बुडाले का?" बुडाले नाहीत म्हटलं, तर म्हणतो मग तक्रार कसली. तीन वेळा वेगवेगळ्या माणसाला पहिल्यापासून सांगितलं. एकालाही कॉल आणि मॅच्युरिटी यांतला फरक ठाऊक नव्हता, आणि म्हणे हे आमचं रक्षण करणार! अमेरिकेत नगरपालिकांच्या रोख्यांसाठी नियम करणारं मंडळ आहे, एमएसआरबी; त्याचा जी-१५ नियम आहे: व्यवहाराच्या पावतीवर कॉल आणि मुदत यांपैकी ज्याने उत्पन्न कमी पडतं तेच दाखवायचं. त्यालाच बाजारात यील्ड टू वर्स्ट म्हणतात. म्हणजे हे करता येतं. माझ्या पावतीवर ८.५८ छापलंय, ठळक अक्षरांत.

तेव्हा कोणी नुसतं "यील्ड" म्हणालं की विचारा, कोणत्या तारखेपर्यंतचं? यील्ड टू वर्स्ट लेखी मागा, तोंडी नको. कॉल कोणत्या किमतीने होणार तेही बघा. काही रोख्यांत १,०२० किंवा १,०३० देतात, तेव्हा फटका थोडा सौम्य होतो. काहींत कंपनीला उरलेल्या व्याजाचं आजचं मूल्य भरून द्यावं लागतं. तिथे ही भीती फारशी नसते, पण मग कलम नीट वाचा, विक्रेत्याच्या तोंडावर जाऊ नका. पहिला कॉल सहा-सात वर्षं लांब असेल तर दोन आकड्यांत फार अंतर राहत नाही. माझ्यासारखा वर्षावर आलेला असेल, तर भाव १,०८० ऐकूनच उठा.

आणि उलटही लक्षात ठेवा. रोखा दर्शनी किमतीच्या खाली, समजा ९४० ला मिळत असेल, तर यील्ड टू कॉल मोठा दिसतो. तिथे हेच लोक तुम्हाला यील्ड टू कॉल दाखवतील, आणि कंपनी तेव्हा बोलावणारच नाही, कारण तिला स्वस्तातलं जुनं कर्ज सोडायचं नसतं. जो आकडा मोठा तो पुढे.

परत आलेले पाच लाख आता साडेसहाच्या वर कुठे लागत नाहीत. त्याच विक्रेत्याचा मागच्या आठवड्यात फोन आला, "मॅडम, नवीन रोखा आहे, १,०६५ ला." मी कॉलची तारीख विचारली. म्हणाला, बघून सांगतो. नियामकाकडे अपील टाकलंय. अर्ज तोच, प्रकार पुन्हा "इतर".