गटारीच्या टोपात माझंच पाणी उकळत होतं

नऊ वर्षं घरगुती खानावळ चालवतेय मालवणात. सुरमई शिळी आहे की नाही ते लांबून सांगेन. आणि कोंबडीत फसले. लाज वाटते लिहायला, पण लिहिते.

पावसाळी मासेमारीबंदी, त्यात गटारी. चाळीस माणसांची वडे-सागोतीची ऑर्डर. दुकानात स्किनलेस करी कट २५० रुपये किलो, आणि कोल्ड स्टोरेजवाला म्हणाला, "वहिनी, सीलबंद पाकीट, २१० नि घ्या." किलोची तेरा पाकिटं, २,७३० रुपये. किलोमागे ४० रुपये वाचले म्हणून घरी येऊन नवऱ्याला फुशारकीही मारली.

सकाळी बारा पाकिटं मोठ्या टोपात घातली. वाटप अजून पडलं नव्हतं, थेंबभर पाणी ओतलं नव्हतं, आणि दहा मिनिटांत तुकडे बुडाले. सासूबाई डोकावून म्हणाल्या, "ह्या पाणी खंयसून इला गो?" मी म्हटलं, बर्फाचं असेल. इथेच कळायला हवं होतं! पाकिटं रात्रभर फ्रीजमध्ये सुटली होती, पिशवीत जेमतेम पळीभर पाणी होतं. मग बर्फ आला कुठून? आटवत बसले, तुकडे आकसले, मीठ नेहमीइतकंच घालून रस्सा खारट झाला. शेवटी ७५० रुपयांची तीन किलो ताजी कोंबडी धावत आणावी लागली.

रात्री चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचली. मुंगीएवढ्या अक्षरांत घटक: कोंबडी, पाणी, मीठ, स्टॅबिलायझर आयएनएस ४५१. अहो, नुसत्या कोंबडीला घटकांची यादी कशाला लागते? पुढून तुकड्यांचा फोटो, मागून मिठाचं पाणी. पण बाजारच्या गर्दीत, छत्री सांभाळत, पाकीट उलटं करून कोण वाचतं? मी तरी नाही वाचलं.

हे ४५१ म्हणजे फॉस्फेट. सुयांच्या यंत्राने मांसात मिठाचं पाणी टोचतात. मीठ आणि फॉस्फेट मिळून मांसाला पाणी धरून ठेवायला लावतात, म्हणून ते पिशवीत फारसं गळत नाही. साधं पाणी मारलेली कोंबडी परातीत निथळते, फॉस्फेटवाली चूल पेटेपर्यंत गप्प बसते. त्यामुळे "पिशवी कोरडी आहे, म्हणजे माल चांगला" हे डोक्यातून काढा. तुकडा काचेसारखा चकचकीत, बुळबुळीत आणि दाबला की रबरासारखा उसळला, तर शंका घ्या.

उरलेलं तेरावं पाकीट दुसऱ्या दिवशी तोलूनच शिजवलं. शेजारी दुकानातली एक किलो ताजी, तेच झाकण, तीच आच, पाणी न घालता. ताजी ७३० ग्रॅम उरली, म्हणजे चांगली कोंबडीही आटते, हे धरा. पाकिटातली उरली ५७०. म्हणजे ताज्या हिशेबाने त्यात ७८० ग्रॅमच कोंबडी, बाकी साधारण २२० ग्रॅम पाणी. २१० रुपयांना पडलेली कोंबडी खरी २६९ रुपये किलो. स्वस्त!

आता सरकारी लोक. पहिल्या कार्यालयात साहेबांनी पाकीट काट्यावर ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, ते शिजवलं. "मग वजन कमी होतं कशावरून?" वजन कमी नव्हतंच, साहेब, पाण्याचंही वजन असतं! त्यांनी दुसरीकडे पाठवलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "पाणी छापलंय ना घटकांत? मग लपवलं कुठे?" किती टोचलंय ते मात्र पाकिटावर कुठेच नाही, त्यावर उत्तर नाही. नमुना तपासा म्हटलं, तर म्हणे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे गिऱ्हाइकाला फी भरून तपासणी करून घेता येते, पण तसा इरादा खरेदी करतानाच दुकानदाराला सांगायचा असतो. म्हणजे मी गटारीच्या गर्दीत सांगायचं, "भाऊ, तेरा पाकिटं द्या, आणि एक मी प्रयोगशाळेत नेणार आहे"? तीन खेपा, एस्टीचे १८० रुपये, एक पोचपावतीही नाही. फी मात्र माल नियमाबाहेरचा निघाला तर परत मिळते, एवढं त्या बाईंनी सांगितलं. नियमाबाहेरचा!

पाकीट घ्याल तर आधी मागे सोडियम बघा. साध्या कच्च्या कोंबडीत १०० ग्रॅमला साधारण ६० ते ८० मिलिग्रॅम असतं, माझ्या पाकिटावर ३१० होतं. ते वाचूनच रश्श्यातल्या मिठाचा उलगडा झाला.

दुकानातही डोळे उघडे ठेवा. कापलेले तुकडे पिंपात बुचकळून मग काट्यावर टाकतात. धुण्याआधी वजन करायला लावा. कुरकुरला तर पुढच्या दुकानात जा.

कोल्ड स्टोरेजवाल्याला बिल मागितलं तर कागदावर लिहून दिलं, "चिकन, १३ नग". बॅच नंबर नाही, तारीख नाही. वरून म्हणतो, "वहिनी, पुढच्या वेळी फोन करून या, २०५ लावतो."