धान्यासाठी धुरीच्या गोळ्या की हवाबंद पिशवी?

वर्षाचं धान्य एकदम भरणाऱ्यांना हा निर्णय दरवर्षी घ्यावा लागतो. मीही तो घेतला आहे आणि माझा कल कुठे आहे तो पुढे लक्षात येईलच. धुरीच्या गोळ्या, म्हणजे बोलण्यात ज्यांना सरसकट सल्फास म्हणतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या, कुचकामी आहेत असं मी म्हणणार नाही. मोठ्या गोदामात ताडपत्रीखाली, प्रशिक्षित माणसांच्या हातून त्या आपलं काम चोख करतात. प्रश्न आहे तो राहत्या घराचा.

कीड गोळीने मरत नाही, गोळीतून निघणाऱ्या वायूने मरते. हवेतला ओलावा लागला की गोळी फॉस्फीन नावाचा वायू सोडू लागते आणि मागे राखाडी भुकटी उरते. हा वायू धान्याच्या दाण्यादाण्यांतून पार होतो, म्हणूनच तो सोंड्यांपर्यंत पोचतो. पण त्याच गुणामुळे तो कोठीच्या झाकणातून, पोत्याच्या विणीतून, दाराखालच्या फटीतूनही सहज बाहेर पडतो. सोंडे आणि माणूस यांत तो फरक करत नाही. पेशींना ऑक्सिजन वापरता येईनासा होतो आणि सर्वांत आधी हृदय व फुप्फुसं कोलमडतात. यावर उतारा म्हणून देता येईल असं औषध अजून नाही, डॉक्टर फक्त शरीराला आधार देत राहतात.

प्रमाण लक्षात यावं म्हणून एक हिशेब मांडतो. नेहमीच्या ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम फॉस्फीन सुटतो, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास वायू. ३ मीटर लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत तो सगळा पसरला तर हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे २७ भाग होतात. आठ तासांच्या कामासाठी अनेक ठिकाणी मानली जाणारी मर्यादा आहे ०.३ भाग. म्हणजे एकच गोळी, आणि मर्यादेच्या जवळपास नव्वद पट. खिडक्या उघड्या असतील तर आकडा उतरेल हे खरं, पण घरात गोळ्या टाकणारा माणूस खोली बंदच करतो. आणि एका गोळीवर सहसा कोणी थांबत नाही.

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, अमारिलो शहरात जे घडलं ते या बाबतीत पुरेसं बोलकं आहे. तिथे धान्याचा संबंध नव्हता. उंदीर-घुशींसाठी हेच औषध घराखालच्या पोकळीत टाकलं होतं. वास येऊ लागला म्हणून कुटुंबातल्याच एकाने ते पाण्याच्या पाइपने धुऊन काढायचा प्रयत्न केला. ओलाव्याने हळूहळू सुटणारा वायू पाण्यामुळे एकदम सुटला आणि वर घरात शिरला. चार मुलं गेली, बाकीच्यांना रुग्णालयात हलवावं लागलं. मदतीला आलेल्यांनाही सुरुवातीला वेगळ्याच वायूचा संशय होता. घाण दिसली की धुऊन टाकायची, ही आपल्या सर्वांचीच सवय. या एका पदार्थाच्या बाबतीत तीच सर्वांत घातक ठरते.

माझा निर्णय मात्र एका त्रासाने झाला, तो म्हणजे काम संपलं कधी हे घरात कळतच नाही. वासावर विसंबता येत नाही. लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा जो वास येतो तो बराचसा त्यातल्या अशुद्ध घटकांचा असतो. धान्य ते घटक शोषून घेतं, मग वास जातो आणि वायू मात्र राहू शकतो. गोदामात मोजायला यंत्र असतं, घरात नसतं. भुकटी पाहावी तर तिच्यातही थोडा न विरलेला अंश उरू शकतो. मग धान्याचा डबा उघडताना दर वेळी ‘आता ठीक असेल का?’ हा प्रश्न. घरात लहान मूल असेल तर ते चाचपडत जगणं मला तरी पटलं नाही. एवढं करून कीड जाते का, तर गळक्या कोठीत वायू टिकतच नाही. हिंडती कीड मरते, अंडी आणि कोष वाचतात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा टोके दिसू लागतात. भारतात हे औषध सर्वसामान्य घरगुती वापरासाठी नाहीच, तरी सुट्या गोळ्या हातोहात फिरतात. मूळ डबा आणि त्यावरची सूचना तेवढी वाटेत गळून पडते.

हवाबंद पिशवीचं तत्त्व उलटं आहे. बाहेरून काही टाकायचं नाही, आतला ऑक्सिजन किडीनेच संपवायचा. जाड प्लॅस्टिकच्या खास पिशवीत धान्य गच्च भरून, वरची हवा दाबून काढून, प्रत्येक थर वेगळा पिळून बांधायचा. दाण्यातली कीड श्वास घेत राहते, ऑक्सिजन उतरत जातो, तिचं खाणं आणि अंडी घालणं थांबतं. आफ्रिकेत चवळी साठवण्यासाठी तीन थरांच्या अशा पिशव्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या आहेत. माझ्या धान्यात ही पद्धत धरल्यापासून पीठ पडलेलं दिसलं नाही. याला मोजमाप म्हणता येणार नाही, पण माझ्यासाठी पुरेसं आहे.

अटी दोन, आणि दोन्ही कडक. पहिली म्हणजे धान्य खडखडीत वाळलेलं हवं, नाहीतर हवाबंद पिशवीत बुरशी धरते. तपासायला कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा, मग दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही तरीही मी आणखी एक ऊन देतो, कारण साठवायला १२-१३ टक्के बरे. दुसरी अट म्हणजे पिशवी वरचेवर उघडायची नाही. एकच मोठी पिशवी करून रोज हात घातला तर आत हवा जाते आणि सगळी मेहनत वाया. म्हणून महिन्याच्या वापराएवढे लहान भाग करा. उंदरांचा उपद्रव असेल तर पिशव्या पत्र्याच्या पिंपात ठेवा.

थोडंच धान्य असेल तर डीप फ्रीझर मला पिशवीपेक्षाही सोपा वाटतो. उणे १८ अंशांवर बंद पिशवीत आठवडाभर ठेवलं की अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दाण्यांवर दव धरेल. उघड्यावर नुसतं ऊन दिलं तर धान्य वाळतं, पण कीड सावलीला पळते.

घरात आधीच गोळ्या असतील तर त्यांना पाणी लावू नका, मोरीत किंवा कचऱ्यात टाकू नका, उघडूनही पाहू नका. अग्निशमन दलाला कळवून ते सांगतील तसंच करा. गोळ्या टाकलेल्या घरात एकाहून अधिक जणांना एकदम मळमळ, उलटी, डोकेदुखी किंवा छातीत दडपण जाणवलं, तर जेवण बाधलं असं समजून बसू नका. सगळ्यांनी ताबडतोब मोकळ्या हवेत या, सामान आणायला परत आत जाऊ नका, आणि रुग्णालयात पोचताच औषधाचं नाव सांगा. रुग्णाचा त्रास कमी वाटला तरी त्याला घरी ठेवू नका, कारण प्रकृती काही तासांनीही बिघडू शकते.