बसची घरघर आणि मागाचा खडखडाट: हेडफोन की फोमचे बोळे?

बेळगावहून निपाणीला बसने जाताना इंजिनाची घरघर साधारण 100 हर्ट्झची धरू. नॉइज कॅन्सलिंग हेडफोनचा माइक ती टिपतो आणि स्पीकर तिची उलटी लहर सोडतो. मूळ लहरीचा उंचवटा आणि उलट लहरीचा खड्डा एकत्र आले की आवाज मावळतो.

अडचण उशिराची. समजा उलटी लहर 0.1 मिलिसेकंद मागे पडली. 100 हर्ट्झची एक लहर 10 मिलिसेकंदांची; पूर्ण लहर 360 अंशांची धरली, तर चूक फक्त 3.6 अंशांची होते आणि जेमतेम 6 टक्के आवाज उरतो. पण 2000 हर्ट्झला तीच चूक 72 अंशांची. तिथे आवाज कमी होण्याऐवजी मूळच्या सुमारे 1.2 पट होतो! म्हणून हेडफोन उंच स्वरांना उलटी लहर देतच नाहीत. घरघर एकसारखी असल्याने पुढची लहर ओळखताही येते.

फोमच्या बोळ्यांचं उलटं: उंच आवाज ते छान अडवतात, घरघर मात्र बरीच आत येते. वडगावात यंत्रमागाजवळ धोट्याचा प्रत्येक ठोका अचानक आणि तीक्ष्ण. तिथे मी बोळेच घालेन. बसमध्ये मात्र हेडफोन.