आठ महिने कॅप्नोग्राफ वापरल्यावर: आकडा नको, आधी लाटेचा आकार बघा

निपाणी, संकेश्वर, चिकोडी अशा ठिकाणच्या लहान हॉस्पिटलांत मी भूल द्यायला जातो, आणि पेशंट बेळगावला हलवायचा असला की बऱ्याचदा ॲम्ब्युलन्समध्ये मलाच बसावं लागतं. त्यासाठीच आठ महिन्यांपूर्वी स्वतःच्या पैशानं हातात मावणारा साइडस्ट्रीम कॅप्नोग्राफ घेतला. श्वास देण्यासाठी श्वासनलिकेत टाकलेल्या ट्यूबला छोटा ॲडॉप्टर लावायचा, त्यातून बारीक नळी निघते, मशीन पेशंटच्या श्वासातली हवा थोडी थोडी ओढून घेतं आणि प्रत्येक श्वासाला कार्बन डायऑक्साईडची एक लाट काढतं. श्वास सोडताना लाट सरळ वर चढते, मग जवळजवळ सपाट माथा, आणि आत घेताना खाली शून्यावर. माथ्याच्या शेवटचा आकडा म्हणजे स्क्रीनवरचा EtCO2, नॉर्मल 35 ते 45 एमएमएचजी.

एक केस सविस्तर सांगतो. बाईकवरनं पडलेला तरुण पोरगा, डोक्याला मार, निपाणीत ट्यूब टाकली, 22 सेंटीमीटरवर बांधली आणि निघालो. ब्रदर हातानं श्वास द्यायची अंबू बॅग दाबत होता, घाबरलेला, त्यामुळं भराभरा दाबत होता, आकडा बघतो तर 27. डोक्याच्या पेशंटला हे चालत नाही, कार्बन डायऑक्साईड एवढा उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच मार बसलेल्या मेंदूला रक्त कमी पडतं. त्याला म्हटलं, "लाट वर चढून माथा सपाट होऊ दे, मग पुढचा दाब, घाई नको की रे." संकेश्वर यायच्या आत आकडा 36 वर स्थिर झाला. मशीन नसतं तर तो किती जोरात दाबतोय हे मला नुसतं बघून कळलं नसतं, खरं सांगतो.

मग वंटमुरी घाटात एक जोरदार ब्रेक लागला. पुढच्या दोन-तीन श्वासांत लाटेचा माथा गेला, वेडेवाकडे बुटके उंचवटे आले आणि मग सरळ रेष. बोटाला लावलेल्या क्लिपवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, म्हणजे एसपीओटू, मात्र 99! ब्रदर म्हणाला, "सर, ऑक्सिजन तर चांगलाय, मशीनच बिघडलं असेल." इथंच माणूस फसतो. शंभर टक्के ऑक्सिजनवर असलेल्या तरुण पेशंटच्या फुफ्फुसात साठा असतो, तो संपेपर्यंत बोटावरचा आकडा काही मिनिटं छान दिसत राहतो. छाती बघितली, हलत नव्हती. ओठाजवळची खूण बघितली, 22 ची 16 झालेली, बॅगच्या वजनानं ट्यूब ओढली गेली होती. गाडी बाजूला घेतली, ट्यूब काढली, मास्क लावून बॅगनं श्वास दिले, ब्रदरनं मान दोन्ही हातांनी स्थिर धरली आणि परत ट्यूब टाकली. पहिली लाट आली ती 49 ची, मधल्या वेळात साठलेला कार्बन डायऑक्साईड तो, चार-पाच मिनिटांत 38. एसपीओटू सगळ्यात कमी 94 गेलं होतं, म्हणजे त्याच्या भरवशावर बसलो असतो तर तिथून पुढं घसरगुंडीच होती.

तेव्हापासून माझा नियम एकच, सरळ रेष दिसली की सिद्ध होईपर्यंत ट्यूबच चुकीच्या जागी आहे असं धरायचं. हां, मशीननंही मला फसवलंय. पावसाळ्यात बारीक नळीत पाणी साठलं आणि रेष सरळ झाली, पण तेव्हा छाती दोन्ही बाजूंनी व्यवस्थित हलत होती, स्टेथोस्कोपनं आवाज येत होता, आणि नळी बदलल्याबरोबर लाट परत आली. म्हणून जादा नळी खिशातच ठेवतो. नळी महाग आहे आणि विक्रेत्यानं पहिली मागवलेली द्यायला दीड महिना लावला, ही तक्रार मात्र आहेच.

"हृदय बंद आहे म्हणून लाट येत नाही" हेही लोक बोलतात, ते चुकीचं आहे. छाती नीट दाबली जात असेल तर लाट बुटकी का होईना, येतेच. मागच्या महिन्यात एका वॉर्डात सीपीआर चालू होता, आकडा 17 होता, दाबणारा दमला तसा 9 वर आला, माणूस बदलला की परत 18. कुणाचे हात ढिले पडलेत हे बोलून दाखवायची गरजच पडली नाही. मग अचानक 40 च्या वर उडी आणि मानेची नाडी हाताला लागली. थांबलेलं रक्त एकदम फिरायला लागलं की साठलेला वायू फुफ्फुसात येतो, म्हणून ती उडी. उलट दाबणं चांगलं चालूनही 20 मिनिटांनंतर आकडा 10 च्या खालीच राहिला तर आशा फार कमी, पण तेवढ्या एका आकड्यावर मी कधी थांबत नाही.

मर्यादा एक मोठी आहे. बीपी कोसळून शॉकमध्ये गेलेल्या पेशंटचा आकडा 25 दिसला म्हणून श्वास जास्त दिले जातायत असं समजू नका, फुफ्फुसात रक्तच कमी पोचतंय म्हणून तो कमी असतो, रक्तातला खरा कार्बन डायऑक्साईड त्याहून बराच जास्त असू शकतो. तिथं आधी बीपी बघा, बॅगचा वेग नंतर. बॅटरी माझ्याकडे साधारण तीन तास टिकते, निपाणी ते बेळगाव जाऊन येऊन पुरते, तरी गाडीत चार्जर लावूनच निघतो.