लातूरचं ऑफिस, पश्चिमेची भिंत: दोन उन्हाळ्यांनंतर काचेचा अनुभव

आमच्या ऑफिसचं तोंड रस्त्याकडे, म्हणजे पश्चिमेला. ही भिंत ४० चौरस मीटरची. शोरूमसारखं दिसावं म्हणून मला त्यात ६० टक्के काच हवी होती. आर्किटेक्ट ताईंनी कागदावर गणित मांडून दाखवलं, म्हणून वाचलो.

मे महिन्यात दुपारी साडेचारला पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला साधारण ६०० वॅट ऊन पडतं असं धरलं. साध्या ६ मिमी काचेचा एसएचजीसी, म्हणजे उन्हातली किती उष्णता आत येते तो आकडा, सुमारे ०.८२ असतो. २४ चौरस मीटर काच लावली असती तर जवळपास १२ किलोवॅट उष्णता आत आली असती. नुसत्या तेवढ्यासाठी साडेतीन टनाचा एसी लागला असता. शेवटी आम्ही काच ३० टक्क्यांवर आणली आणि ०.२७ एसएचजीसीची लो-ई कोटिंगवाली, म्हणजे उष्णता अडवणारा पातळ थर दिलेली, डबल काच घेतली. आता उष्णता दोन किलोवॅटच्या आत, म्हणजे एसीवरचा भार अर्ध्या टनाच्या आसपास.

याहून स्वस्त गडद काच मिळत होती, पण ती घेतली नाही याचं समाधान आहे. गडद काच स्वतः तापते आणि ती धग आत टाकते. शिवाय उजेड अडतो, त्यामुळे दिवसा ट्यूब लावाव्या लागतात. आमच्या काचेतून ४० टक्के उजेड येतो आणि संध्याकाळपर्यंत दिवे लागत नाहीत.

पहिल्या उन्हाळ्यात एक गोष्ट मात्र खटकली. पाचपैकी एका खिडकीजवळ बसणारे सहकारी रोज खुर्ची सरकवून घ्यायचे. हात लावला तर त्या खिडकीची आतली काच चांगलीच गरम, बाकीच्या चार कोमट. रात्री काचेसमोर लायटर धरला. डबल काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात आणि कोटिंगवरचं वेगळ्या रंगाचं असतं. आतून मोजताना ते तिसरं दिसायला हवं, म्हणजे कोटिंग बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला आहे. या खिडकीत ते दुसरं होतं. बसवताना काच उलटी लागली होती! कोटिंगने शोषलेली उष्णता बाहेर जायच्या ऐवजी आमच्याकडे येत होती. काच फिरवून नवं सीलंट भरल्यावर फरक दोन दिवसांत कळला. तुमच्याकडे बसवणारी माणसं शिडीवर असतानाच ही तपासणी करून घ्या.

छज्जावर केलेल्या खर्चाबद्दल मात्र मी समाधानी नाही. साडेचारला ऊन ३० अंशांवर येतं. तेव्हा दोन फुटी छज्जाची सावली खिडकीच्या वरच्या जेमतेम सव्वा फुटावर पडते, बाकी काच उघडीच. दक्षिणेला हाच छज्जा चांगलं काम देतो. पश्चिमेसाठी आता उभ्या, तिरक्या पट्ट्या करून घेतोय.